चेक परत आलाय, भाऊ

धंद्यात वाईट बातम्या पुष्कळ असतात. टाइल्सची पेटी उतरवताना हमालाच्या हातून निसटते, मोरबीहून निघालेला ट्रक खंबाटकीत अडकतो, कंपनी महिन्याच्या मधेच दर वाढवते. या बातम्या आम्ही काउंटरवरून ओरडूनसुद्धा सांगतो, कारण त्यांत कुणाची अब्रू गुंतलेली नसते. गिऱ्हाइकानं दिलेला चेक वटला नाही, ही बातमी मात्र लग्नाच्या पंगतीत वरपित्याला त्याच्या धोतराचा कासोटा सुटलाय हे सांगण्यासारखी असते. न सांगून भागत नाही, मोठ्यानं सांगून चालत नाही, आणि सांगताना आपली नजर ताटातल्या जिलबीवर ठेवावी लागते.

मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजूला एका टाइल्स आणि सॅनिटरीच्या दुकानात हिशेब बघतो. आमच्याकडे उधारीची कुणाला लाज वाटत नाही. सहा महिन्यांची बाकी असलेला माणूस भर दुकानात चहा मागवतो, आमच्याच खुर्चीवर बसून आम्हालाच धंदा कसा करावा ते सांगतो, आणि जाताना ‘लिहून ठेवा’ म्हणून अजून दोन नळ घेऊन जातो. उधारी म्हणजे संबंध असल्याची खूण. पण त्याच माणसाला ‘तुमचा चेक परत आला’ म्हणून बघा. चेहरा असा होतो की, आपण त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असावा. पैसे न देणं ही अडचण असते. चेक परत येणं हा कलंक असतो. त्यामुळे ही बातमी सांगायची कशी, यावर आमच्या दुकानात दोन पंथ पडलेत.

पहिला पंथ दिवाणजींचा. दिवाणजी दुकानात थोरल्या शेठच्याही आधीपासून आहेत, आणि गिऱ्हाइकाला दुखवायचं नाही हा त्यांचा धर्म आहे. एका किराणा दुकानदारांचा चेक परत आला तेव्हा त्यांनी फोन लावला. ‘काय अण्णा, बरं हाय न्हवं?’ इथून सुरुवात झाली. मग अण्णांच्या आईचा गुडघा, थोरलीची सोयरीक, ऊसदर, पंचगंगेचं पाणी असं करत करत गाडी पैशांच्या गावाजवळ आली. दिवाणजी म्हणाले, ‘अण्णा, तो तुमचा चेक...’ अण्णा म्हणाले, ‘हां, मिळाला न्हवं?’ दिवाणजी म्हणाले, ‘मिळाला की. मिळाला, म्हणजे तसा मिळाला.’ अण्णा म्हणाले, ‘बरं झालं आठवण केली. वरच्या मजल्याला अजून बारा पेट्या लागतील, पाठवून द्या.’ दिवाणजींनी फोन ठेवला आणि ऑर्डर लिहून घेतली. वसुलीसाठी फोन करून उधारी वाढवणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

दुसरा पंथ धाकट्या शेठचा. ते पुण्याहून एमबीए करून आलेत आणि वेळ वाया घालवत नाहीत. एका डॉक्टरांचा चेक परत आल्यावर त्यांनी फोन करून एका दमात सांगितलं, ‘डॉक्टर, तुमचा चेक बाऊन्स झालाय. आज पाचच्या आत पेमेंट लागेल.’ पैसे तासाभरात आले. मी मेमो नीट वाचला तेव्हा कळलं की खात्यात पैसे भरपूर होते, चेक सही न जुळल्यामुळे परत आला होता. डॉक्टरांनी खातं उघडलं तेव्हा ते नुकतेच पास झाले होते आणि सही वाचता येत होती. नंतरच्या वर्षांत औषधांच्या चिठ्ठ्या लिहून लिहून तिचं जे व्हायचं ते झालं होतं. तीन महिन्यांनी त्यांच्या नव्या हॉस्पिटलच्या सगळ्या बाथरूमांचा माल समोरच्या दुकानातून गेला. आमच्या दारावरूनच गेला. टेंपोवाल्यानं वळण घेताना हॉर्नसुद्धा वाजवला.

एकाला पैसे मिळाले नाहीत, दुसऱ्याला गिऱ्हाईक राहिलं नाही. चूक दोघांची एकच होती: फोन उचलण्याआधी मेमो कुणीच वाचला नव्हता.

चेक परत आला की त्याच्याबरोबर बँक एक लहानसा कागद देते, तो रिटर्न मेमो. त्यात चेकचा नंबर, रक्कम, तारीख आणि परत येण्याचं कारण असतं. हा कागद सभ्यपणाचा उत्तम नमुना आहे. ‘या इसमानं फसवलं’ असं बँक कधीच लिहीत नाही. फंड्स इनसफिशिअंट, म्हणजे शिल्लक पुरेशी नाही. एक्सीड्स अरेंजमेंट, म्हणजे ओव्हरड्राफ्टची जेवढी मर्यादा ठरली होती तिच्यापलीकडे रक्कम गेली. ड्रॉअर्स सिग्नेचर डिफर्स, म्हणजे सही जुळत नाही. पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉअर, म्हणजे चेक देणाऱ्यानंच बँकेला पैसे देऊ नका असं कळवलं. माणसाच्या हेतूबद्दल अवाक्षर नाही, घडलं तेवढंच.

या कारणांवर आपला सूर ठरतो. सही जुळली नाही, आकड्यातली आणि अक्षरी रक्कम वेगळी पडली, तारीख खाडाखोड करून लिहिली, असं असेल तर हा लिखाणातला दोष आहे. तिथं बेलाशक हसत फोन करावा. गिऱ्हाईकसुद्धा हसतं आणि दुसरा चेक लिहून देतं. शिल्लक कमी पडली असेल तर हसू नये, पण सुतकी आवाजही काढू नये. आणि देणाऱ्यानंच पेमेंट थांबवलं असेल, तर आधी आपल्याच गोडाऊनमध्ये चौकशी करावी. बहुतेक वेळा माल फुटलेला गेलेला असतो, नाहीतर पिस्त्याऐवजी पोपटी रंगाच्या टाइल्स गेलेल्या असतात, आणि गिऱ्हाईक रागावून चार दिवस आपल्या फोनची वाट बघत असतं. अशा वेळी पैशांची मागणी करणं म्हणजे त्याच्या तक्रारीला आयतं दार उघडून देणं.

फोनआधी आणखी एक गोष्ट तपासायची असते: चेक आपण कधी भरला? चेकवर तारीख असते ३, पण देताना माणूस सांगतो, ‘पंधरानंतर टाका हां.’ ही तोंडी अट चेकवर कुठंच नसते, आणि ज्या पोऱ्याला ती सांगितली तो पंधरा तारखेला गावच्या जत्रेला गेलेला असतो. पूर्वी क्लिअरिंगला निदान एक रात्र मधे जायची. त्या रात्रीत माणूस इकडून तिकडून पैसे उभे करायचा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तीही सवड गेली. दिवसाच्या ठरलेल्या वेळेत भरलेल्या चेकची प्रतिमा लगेच पुढं जाते, आणि समोरच्या बँकेला संध्याकाळी ७ पर्यंत हो की नाही ते सांगावं लागतं. सकाळी टाकलेला चेक दिवेलागणीला घरी. म्हणून आमच्याकडे आता चेक घेतानाच पाठीमागं पेन्सिलनं ‘कधी टाकायचा’ ते लिहून ठेवतात. एवढ्यानं चेक परत यायचे निम्मे प्रसंग टळतात, असं दिवाणजी म्हणतात. आकडा त्यांचा आहे, त्याला ऑडिट नाही.

हे सगळं करूनही जो चेक परत आला, तो एका बांधकाम कंत्राटदारांचा होता. त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. गारगोटी रोडला एका गुरुजींच्या बंगल्याचं काम त्यांनी घेतलं होतं. फरशी, बेसिन, नळ मिळून रक्कम ४८,५०० रुपये, चेकची तारीख ३ फेब्रुवारी. आम्ही तो ९ तारखेला भरला, संध्याकाळी परत आला, १० तारखेला मेमो हातात पडला. कारण: फंड्स इनसफिशिअंट. भाऊ जुने गिऱ्हाईक, आजवर एक चेक परत नाही. फोन कुणी करायचा यावर दुकानात बैठक झाली. धाकटे शेठ पुढं आले, त्यांना सगळ्यांनी मागं बसवलं. शेवटी असं ठरलं की दिवाणजींनी बोलायचं, पण समोर मी कागद धरायचा आणि कागदाबाहेर त्यांनी जायचं नाही. गुडघा, सोयरीक आणि ऊस या तिन्ही विषयांना बंदी.

वेळ निवडली साडेबाराची. सकाळी बोहनीच्या आधी असा फोन केला तर माणूस दिवसभराचं अपयश आपल्या नावावर लिहितो. जेवणानंतर केला तर झोपेत होकार देतो आणि उठल्यावर विसरतो. संध्याकाळी तो घरी असतो, आणि फोन वहिनी उचलतात. वहिनींना ही बातमी सांगणं म्हणजे भाऊंचे पैसे मिळतील, पण भाऊ मिळणार नाहीत.

कागदावरचं पहिलं वाक्य होतं, ‘भाऊ, आत्ता दोन मिनिटं बोलता येईल का?’ हे वाक्य शिष्टाचारासाठी नाही. साइटवर माणसाचे हात सिमेंटनं भरलेले असतात, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर असतो, आणि शेजारी गवंडी, सुतार आणि खुद्द गुरुजी उभे असतात. तिथं ‘चेक परत आला’ म्हटलं की गुरुजींना वाटणार, या माणसाकडे बंगला दिलाय खरा, पण काम पुरं होईपर्यंत तरी टिकतोय का हा? भाऊ म्हणाले, ‘थांबा काका, बाजूला येतो.’ हात धुतल्याचा आवाज आला. म्हणजे आता कानाशी फोन.

दिवाणजींनी कागद वाचला: ‘तुमचा तीन तारखेचा अठ्ठेचाळीस हजार पाचशेचा चेक काल टाकला होता. तो परत आलाय. मेमोवर शिल्लक कमी असं कारण दिलंय. तुम्हाला बँकेचा मेसेज आला असंल, पण म्हटलं आपण स्वतः सांगावं. पुन्हा टाकायचा झाला तर कधी टाकू, का तुम्ही तिकडनं नेफ्ट करताय?’

एवढंच. यात जे नव्हतं तेच महत्त्वाचं. ‘पैशांची अडचण आहे का?’ हा प्रश्न नव्हता. तो सहानुभूतीचा वाटतो, पण ऐकणाऱ्याला त्यात ‘कंगाल झालास का?’ एवढंच ऐकू येतं. ‘तुमच्याकडून अशी अपेक्षा नव्हती’ नव्हतं. ते वाक्य शाळेत हेडमास्तरांच्या खोलीत शोभतं. आणि ‘बँकेनंच काहीतरी घोळ घातला असंल’ हेसुद्धा नव्हतं, जे दिवाणजींच्या जिभेवर आलेलं मला स्पष्ट दिसत होतं. बँकेवर ढकलणं सगळ्यांना सोपं वाटतं. पण मग गिऱ्हाईकही आनंदानं म्हणतं, ‘मग परत टाका की!’ आपण टाकतो, खात्यात पैसे नसतातच, चेक दुसऱ्यांदा येतो आणि दोन्ही बाजूंच्या बँका दुसऱ्यांदा चार्ज कापतात. शिवाय भाऊंचे मेहुणे त्याच बँकेत कॅशियर. घोळ कुणाचा ते त्यांना आपल्याआधी कळलेलं असतं.

उलट शेवटच्या प्रश्नात दोन दारं उघडी होती: तारीख सांगा, नाहीतर ऑनलाइन पाठवा. ‘का झालं?’ हे कुणी विचारलंच नाही, त्यामुळे भाऊंना कारण रचायची गरज उरली नाही. माणसाला कारण रचायला लावलं की तो एक खोटं बोलतो, मग त्या खोट्याला सांभाळण्यासाठी आपले फोन उचलणं बंद करतो. कितीतरी वसुल्या पैशांअभावी नाही, या शरमेपायी अडतात.

प्रश्न विचारल्यावर गप्प बसायचं, असंही मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. दिवाणजींना सगळ्यांत अवघड हेच गेलं. फोनवर तीन सेकंद शांतता पडली की आपल्याकडे माणूस ती भरून काढतो: ‘न्हाई, तशी काय घाई न्हाई म्हणा...’ हे एक वाक्य आधीच्या सगळ्या कष्टांवर पाणी ओततं. मी दिवाणजींच्या तोंडापुढं बत्तासा धरला. त्यांनी तो खाल्ला, आणि तेवढ्यात पलीकडून भाऊंचा आवाज आला.

‘काका, आयला, असं कसं झालं म्हणायचं? गुरुजींचा हप्ता मी सहा तारखेला भरलाय खात्यात. त्यो बी चेकच हुता. त्यो वटला न्हाई वाटतं.’

म्हणजे परत आलेल्या चेकच्या मागं आणखी एक चेक होता, आणि तो गुरुजींचा. गुरुजींच्या मागं बहुधा पतसंस्थेचं कर्ज असणार. बांधकामाच्या धंद्यात पैसा असाच येतो. सगळ्यांत शेवटी उभा असतो नळ विकणारा. भाऊ म्हणाले, ‘आत्ता वीस हजार पाठवतो. बाकीचं वीस तारखेपातुर देतो. आणि त्यो चेक तेवढा परत द्या, नवा लिहून देतो.’

इथं दिवाणजी लगेच ‘हां हां, घेऊन जावा’ म्हणणार होते. मी मान हलवली. मूळ चेक पैसे पूर्ण जमा होईपर्यंत आपल्याकडेच ठेवायचा असतो. आताच्या पद्धतीत गिऱ्हाइकाच्या बँकेकडे चेकची फक्त प्रतिमा जाते. कागद आपल्या बँकेतून मेमोसकट आपल्याकडे येतो. तो आणि मेमो, एवढाच काय तो पुरावा. नव्या चेकच्या आशेवर जुना देऊन टाकला आणि नवाही परत आला, तर पहिल्या चेकची गोष्ट सांगायला आपल्या हातात काहीच उरत नाही. पण ‘चेक देणार नाही’ असं म्हणायचं नसतं. दिवाणजींनी ते त्यांच्या पद्धतीनं सांगितलं, आणि मानलं पाहिजे, हे कागदावर नव्हतं: ‘भाऊ, चेक इथं कपाटात लक्ष्मीच्या फोटोमागं ठिवलाय. हिशेब मिटला की चहाला या, तुमच्या हातानं फाडा.’

फोन झाल्यावर लगेच मेसेज गेला. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं आणि वीस तारीख ऐकणाऱ्याच्या कानात पंचवीस होते. मजकूर असा होता:

‘भाऊ, नमस्कार. आत्ता फोनवर बोललो त्याचा तपशील पाठवतोय. आपल्या बिलापोटी मिळालेला दि. ३ फेब्रुवारीचा रु. ४८,५०० चा चेक ९ तारखेला भरला होता. तो बँकेनं शिल्लक अपुरी या कारणानं परत केला आहे. मेमोचा फोटो सोबत आहे. ठरल्याप्रमाणे रु. २०,००० आज यूपीआयनं आणि राहिलेले रु. २८,५०० दि. २० फेब्रुवारीपर्यंत नेफ्टनं येतील. पूर्ण रक्कम जमा झाली की मूळ चेक आपल्याला देऊ. यात काही चुकलं असल्यास कळवावं.’

धाकट्या शेठना यात ‘ताबडतोब’ घालायचं होतं. ते काढलं, कारण तारीख लिहिल्यावर ताबडतोब म्हणायची गरज राहत नाही. दिवाणजींना हात जोडलेली चार चित्रं शेवटी टाकायची होती. तीही काढली, कारण पैसे आपले, आणि हातही आपणच जोडायचे, हा हिशेब टॅलीत कुठल्याच खात्यात बसत नाही. शेवटचं ‘काही चुकलं असल्यास कळवावं’ हे वाक्य मात्र सगळ्यांनी ठेवलं. त्यात चूक आपलीही असू शकते एवढी जागा सोडलेली असते, आणि समोरचा काही बोलला नाही तर ठरलेलं ठरलं असं धरता येतं. मेसेज भाऊंच्या नंबरवर गेला, दुकानाच्या ग्रुपवर नाही. त्या ग्रुपवर भाऊंचे तीन स्पर्धक आहेत आणि ते मेसेज न वाचताही अंगठा दाखवतात.

टॅलीतली नोंदही तेवढ्याच मर्यादेनं करायची असते. चेक जमा झाल्याची जुनी नोंद खोडायची नाही. परत आल्याची नवी नोंद उलट बाजूला करायची. खोडली तर भाऊंच्या उताऱ्यात चेक दिल्याचं दिसणारच नाही, आणि ते म्हणणार, ‘मी दिला होता की!’ दोन्ही नोंदी असल्या की उतारा वाद घालत नाही. राहता राहिले बँकेनं आमच्या खात्यातून कापलेले ३५४ रुपये: ३०० चार्ज आणि ५४ जीएसटी. ते मागायचे का? मागायचे, पण मूळ रक्कम आल्यावर, एकदाच, मेमोसारख्याच कोरड्या सुरात. अठ्ठेचाळीस हजारांच्या आधी साडेतीनशेचा विषय काढला तर भांडण साडेतीनशेवर होतं आणि अठ्ठेचाळीस हजार त्या भांडणात बाजूला बसून राहतात.

आता कुणी म्हणेल, एवढं गोड बोलून पैसे आले नाहीत तर? त्यासाठी भिंतीवर कालनिर्णय असतं. चेक न वटण्याचा कायदा म्हणजे १८८१ च्या जुन्या कायद्यात मागाहून घातलेलं कलम १३८. ते १ एप्रिल १९८९ पासून लागू झालं. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते. आमच्या बाबतीत मेमो १० फेब्रुवारीचा, म्हणजे हद्द १२ मार्च. मी त्या तारखेवर नाही, तर १ मार्चवर पेन्सिलनं गोल केला, कारण वकिलांनाही लग्नं असतात. ही मुदत निसटली तर तो चेक तीन महिन्यांच्या आत पुन्हा भरता येतो आणि नव्या मेमोपासून नवी मुदत मोजता येते, पण चेकच्या तारखेपासून तीन महिने उलटले की तो कागद नुसता कागद राहतो. भाऊंसारखी थोडी रक्कम आधी आली असेल, तर पूर्ण रकमेचा जुना चेक तसाच पुन्हा टाकू नये. येणं उरलंय २८,५००, आणि चेक सांगतोय ४८,५००. उरलेल्या रकमेचा नवा चेक घ्यावा. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये असल्याच मुद्द्यावर पूर्ण रकमेचा चेक पुढं करणाऱ्याला रिकाम्या हातानं परत पाठवलंय.

पण या कायद्यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. नोटीस मिळाल्यावर माणसाला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात त्यानं पैसे दिले तर गुन्हा झालाच नाही. चेक परत आला त्या दिवशी कायदासुद्धा त्याला गुन्हेगार म्हणत नाही. बँक म्हणत नाही. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दुप्पट दंड सांगणारं कलमसुद्धा आधी विचारतं, ‘देताय ना?’ मग आम्ही नळ विकणाऱ्यांनी पहिल्याच फोनवर न्यायाधीश का व्हावं? कलमाचा आकडा पहिल्या मेसेजात लिहायचा नसतो, तो याच कारणानं. तो कालनिर्णयावर असावा, जिभेवर नसावा. दिलेली तारीख उलटली, दुसरी उलटली, पेन्सिलीचा गोल जवळ आला, तर तेव्हाही सूर न बदलता सांगता येतं: ‘भाऊ, एक तारखेपर्यंत नाही झालं तर आम्हाला वकिलांकडून नोटीस द्यावी लागंल, मुदत असते तिची.’ यात धमकी नाही, वेळापत्रक आहे. आणि हे वाक्य दिवाणजींनी म्हणायचं, धाकट्या शेठनी नाही.

तेवढी वेळ आली नाही. वीस हजार त्याच दुपारी आले, उरलेले १९ तारखेला रात्री. ३५४ रुपये भाऊंनी न मागता आणून दिले, वर म्हणाले, ‘बँकेनं माझेबी कापलेत.’ कपाटातून लक्ष्मीच्या फोटोमागचा चेक काढला, त्यांनी तो फाडला, चहा झाला, आणि दिवाणजींनी बंदी उठल्यासारखं गुडघ्यापासून ऊसदरापर्यंत सगळं बोलून घेतलं.

प्रश्न एकच उरला: पुढच्या बिलाला काय करायचं? भाऊंना एकट्यांना ‘आता चेक नको’ म्हणणं म्हणजे इतके दिवस न केलेला आरोप एका वाक्यात करणं. सगळ्यांनाच चेक बंद, असं म्हटलं तर कुणाला लागत नाही. म्हणून धाकट्या शेठनी एक बोर्ड करून घेतला आणि काउंटरमागं लावला: ‘बिलाची रक्कम कृपया ऑनलाइन भरावी. चेक स्वीकारले जाणार नाहीत.’ पहिले रुसले थोरल्या शेठचे साडू, ते गेली वीस वर्षं चेकनंच देतात आणि उशिरा देतात. नंतर एक प्राध्यापक आले, त्यांनी ‘स्वीकारले’मधली वेलांटी तपासली आणि बरोबर आहे असं सांगून गेले.

आठवड्याभरानं भाऊ आले. दारातच थांबून त्यांनी बोर्ड सावकाश वाचला. दिवाणजींनी बत्तासा तोंडात टाकून ठेवला. भाऊ काउंटरवर रेलले आणि म्हणाले, ‘हे बेस केलंसा काका. हल्ली लोकांचं चेक लई परत येतात.’